आईचा मेसेज आणि बाबांची यादी

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर सांगायला गेले की आई मधेच म्हणते "अगं कुकरची शिट्टी झाली" आणि राहून जातं, म्हणून लिहूनच पाठवतेय. पुढचे तीन महिने मी बंगलोरला, म्हणजे पंधरा दिवसांचं सामान बाबांना आणायचंय. आई मेसेज नेहमीसारखाच करणार, त्यात बदल होणार नाही हे आपल्या तिघांनाही माहितीये. तो मेसेज दुकानात वाचत वाचत फिरलं की काय होतं ते मी पहिल्या महिन्यात भोगलंय, साखरेपासून भाजीपर्यंत चार चकरा आणि घरी आल्यावर "डाळं कुठाय?"

आई, मागच्या शनिवारचा तुझा मेसेज मी ठेवलाय, त्यावरून बाबांनी यादी कशी करायची ते तोच घेऊन सांगते. हसू नका.

"अगं पोहे संपलेत अर्धा किलो आण, साखर दोन किलो, बटाटे एक किलो कांदे आहेत, तूरडाळ एक किलो, हरभऱ्याची डाळ अर्धा, चहा संपत आलाय, तेल दोन किलो, मंगळवारी मावशी येणारे चिवडा करते तर पातळ पोहे अर्धा किलो शेंगदाणे पावशेर डाळं पावशेर आणि तेलाची एक पिशवी, कढीपत्ता, एकादशीला साबुदाणा अर्धा किलो शेंगदाणे अर्धा, बटाटे अजून अर्धा, साखर एकच आण बाबांची शुगर वाढलीये, भांड्याचा साबण, पुरणाला चण्याची डाळ अर्धा किलो, दही, कोथिंबीर"

आता बघा, आईच्या डोक्यात पदार्थ असतो. चिवडा म्हटलं की चिवड्याचं सगळं एका दमात येतं, मग एकादशी, मग पुरण. दुकानात मात्र चिवडा नावाचं कपाट नाहीये ना, म्हणून शेंगदाणे दोनदा येतात, एकदा चिवड्याचे आणि एकदा खिचडीचे.

बाबा, पहिलं काम म्हणजे पेन घेऊन मेसेज शेवटपर्यंत वाचायचा आणि तोवर एकही ओळ लिहायची नाही. कारण साखर. वर दोन किलो लिहिलंय, खाली एक. घाईघाईत बेरीज केली तर तीन किलो साखर घरी येते आणि मग तुमच्या शुगरवरून दोघांचं वाजतं. मी नेहमी बघते की दुसऱ्यांदा आलं ते "अजून" म्हणून आलंय की आधीचं खोडून. बटाट्यांच्या मागे "अजून" आहे, म्हणून एक आणि अर्धा, दीड किलो. साखरेला "एकच" आहे, म्हणून एक, वरचे दोन विसरायचे. शेंगदाण्यांना असा काही शब्द नाहीये पण पदार्थ वेगळे आहेत, म्हणून बेरीज, पावशेर आणि अर्धा मिळून पाऊण किलो. सुटे घेतले तर काट्यावर 0.750 दिसेल, पाकिटं घेतली तर एक अर्ध्याचं आणि एक पावाचं.

खरी गडबड नावांची आहे. हरभऱ्याची डाळ आणि चण्याची डाळ एकच, आई आमटीला एक नाव वापरते आणि पुरणाला दुसरं (का ते तिलाच विचारा), तर ते अर्धा आणि अर्धा मिळून एक किलो, एकच ओळ. पण डाळं त्यात घालू नका, ते भाजलेलं असतं, चिवड्यातलं, आणि कच्ची डाळ चिवड्यात पडली तर मावशीचा दात जाईल. पोह्यांचं उलटं आहे. नाव एक, वस्तू दोन. वरचे साधे पोहे म्हणजे कांदेपोह्यांचे जाड, आणि चिवड्याचे पातळ. मी एकदा "पोहे एक किलो" अशी बेरीज करून सगळे जाडच आणले होते, आणि आईने काही न बोलता डबा कपाटात आपटला होता. त्यामुळे दोन ओळी, प्रत्येकी अर्धा किलो. मी एवढंच तपासते, एकाच्या जागी दुसरं वापरलं तर पदार्थ बिघडेल का? बिघडत असेल तर वेगळी ओळ.

तेलाचं थोडं गणित आहे. आई किलोत सांगते आणि पिशवी लिटरची असते. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, म्हणजे तिचे दोन किलो म्हणजे दोन लिटरच्या थोडं वर, त्यात चिवड्याची एक पिशवी. मी सरळ तीन पिशव्या लिहिते, थोडं कमी पडतं पण चौथी पिशवी फोडून ठेवण्यापेक्षा बरं. फक्त पिशवीवरचं वजन वाचा, काही पिशव्या दिसायला लिटरच्या असतात पण आत तेल कमी असतं.

चहा, दही, साबण, कोथिंबीर, कढीपत्ता यांना मेसेजमध्ये आकडाच नाहीये. तिथे मनाने काही लिहू नका, पुढे प्रश्नचिन्ह टाका आणि निघायच्या आधी आईला एकदाच सगळं विचारून घ्या, दुकानातून सात फोन नकोत. त्या दिवशी ठरलं ते असं, चहा अर्धा किलो, दही चारशे ग्रॅमचा एक डबा, साबणाच्या दोन वड्या, कोथिंबीर आणि कढीपत्ता एकेक जुडी.

मग कागदावर दुकानाच्या वाटेने लिहायचं. आपल्या दुकानात आत शिरलं की आधी साबण-पावडर, म्हणून वर भांड्याचा साबण 2, आणि तो वेगळ्या पिशवीत, पोह्यांना वास लागतो. मग डाळींकडे तूरडाळ 1 किलो, हरभरा डाळ 1 किलो, डाळं पावशेर, शेंगदाणे पाऊण, साबुदाणा अर्धा. पुढच्या रांगेत पोहे जाड अर्धा, पोहे पातळ अर्धा, साखर 1, चहा अर्धा. मग तेल 3 पिशव्या. फ्रिजमधून दही, आणि शेवटी बिलाजवळ भाजी, बटाटे दीड किलो, कोथिंबीर, कढीपत्ता. असं वरून खाली गेलं की जड सामान ट्रॉलीत खाली बसतं आणि कोथिंबिरीवर साखर पडत नाही. बटाटे बिलाला जायच्या आधी भाजीच्या काट्यावर तोलून स्टिकर लावून घ्या हं, मागे एकदा तुम्हाला रांगेतून परत पाठवलं होतं आणि तुम्ही चिडून बटाटेच ठेवून आला होता.

दुकानवाल्यांनी मधे रांगा हलवल्या तर एक चक्कर मारून नवीन वाट कागदामागे लिहून ठेवा, मला फोटो पाठवा.

आई, पुरणाचा बेत नक्की आहे ना गं, की मावशीला फक्त चिवडाच? तसं असेल तर बाबांना डाळ अर्धाच किलो लिहायला सांग.

तुमची,
धाकटी