थ्रॉटल बॉडी वॉरंटीत बदलून द्या, आणि पेडलचे पैसे परत करा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार,

माझी गाडी तुमच्या कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरला तीनदा जाऊन आली आणि तक्रार अजून तिथंच आहे, म्हणून आता थेट तुम्हाला लिहितोय.

पहिल्यांदा पुणे हायवेला कराडच्या अलीकडं चांगल्या स्पीडला असताना चेक इंजिनचा दिवा लागला आणि पेडल दाबलं तरी गाडी उचलेना. बाजूला घेऊन न्यूट्रलला बघितलं तर आरपीएम १५०० वर अडकलेला. दुसऱ्यांदा रत्नागिरीहून येताना आंबा घाट चढत होतो, पुढं ट्रक होता, रांगत चाललेलो, पेडलवरचा पाय काढला आणि तेवढ्यात तेच झालं, पण या वेळी आरपीएम ९०० च्या आसपास, एसी चालू असला की इंजिन बंदच पडायचं. मागं आई बसलेली आणि वळणावर मागून एसटी येत होती. दोन्ही वेळा स्कॅनरला कोड एकच, P2119, म्हणजे थ्रॉटल बॉडी नीट काम करत नाही.

पहिल्या वेळी सेंटरनं पेडलचा सेन्सर बदलून ६,४०० रुपये घेतले. दुसऱ्या वेळी थ्रॉटल साफ करून लर्निंग रीसेट केलं, तेरा दिवस गाडी बरी चालली आणि मग परत आयडलला आरपीएम वर-खाली व्हायला लागला. तिसऱ्या वेळी सांगितलं की कार्बनचा प्रॉब्लेम आहे, तो वॉरंटीत येत नाही, थ्रॉटल बॉडी स्वतःच्या खर्चानं बदला.

मला यातली थोडी माहिती आहे, माझं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. या बॉडीत इंजिनची हवा कमी-जास्त करणारी पाकळी मोटर फिरवते, पण मोटरचा करंट तोडला की स्प्रिंगनं पाकळी ठरलेल्या एका जागी, थोडी उघडी, येऊन थांबायची असते. त्या जागेच्या वर पाकळी असली तर स्प्रिंग तिला खाली ओढते, खाली असली तर वर ढकलते. आयडलला पाकळी त्या जागेच्याही खाली असते, तिथं मोटर तिला स्प्रिंगच्या विरुद्ध दाबून धरते. मागितलेला अँगल आणि खरा अँगल जुळेना झाला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मोटर सोडतो, आणि बाकीचं काम स्प्रिंगचं, तेवढ्या हवेवर माणूस हळूहळू घरी पोचावा म्हणून. सोय चांगलीच आहे, माझी तक्रार तिच्यावर नाही.

तक्रार ही आहे की माझ्या बॉडीत ती जागा एक राहिलेली नाही. तुम्ही साफ करून दिल्यावर बॉडी उतरवली, पाकळीच्या अँगलच्या सेन्सरला ५ व्होल्ट दिले आणि मीटर लावला. पाकळी पूर्ण बंद ०.५०, पूर्ण उघडी ४.५०, म्हणजे ९० अंशाला ४ व्होल्ट. मग बोटानं हळू उघडून सोडली तर ०.९६ वर थांबली, बंद करून सोडली तर ०.७८ वर, दहा-दहा वेळा केलं तरी तेच. फरक ०.१८, म्हणजे जवळपास ४ अंश, या मधल्या पट्ट्यात घर्षण स्प्रिंगला जिंकू देत नाही. हायवेला पाकळी उघड्या बाजूनं खाली आली म्हणून १५००, घाटात आयडलकडून वर आली म्हणून ९००. एकाच गाडीत दोन वेगळे आकडे का आले त्याचं उत्तर हेच.

आयडलची वर-खालीही यातूनच येते. पाकळी अडकली की ईसीयू जोर वाढवत राहतो, मग ती एकदम सुटून पुढं जाते, परत उलटा जोर लागतो. रीसेटनं फक्त पाकळीची बंदची आणि मोटर सोडल्यावरची जागा नव्यानं नोंदली जाते, शाफ्टचं घर्षण त्यानं जात नाही. आणि पेडलचा याच्याशी काही संबंधच नव्हता, पेडलच्या सेन्सरचे कोड वेगळे असतात, ते एकदाही आले नव्हते.

पाकळी आणि कड आता चकचकीत आहे, तरी अडकते, म्हणजे कार्बन हे कारण उरत नाही. दोष शाफ्टच्या बेअरिंगचा, गिअरचा की स्प्रिंग ढिली पडल्याचा हे बॉडी खोलल्याशिवाय मी सांगू शकत नाही, आणि सील मी तोडलेलं नाही, ते तुम्ही बघा. पण तिन्हीतलं काहीही असलं तरी पार्टचाच दोष आहे आणि गाडीची वॉरंटी अजून सात महिने बाकी आहे.

तर बॉडी वॉरंटीत बदलून द्या, पेडलचे ६,४०० परत करा, आणि नवीन बॉडी बसवायच्या आधी हीच दोन्ही बाजूंची टेस्ट माझ्यासमोर करून आकडे जॉब कार्डवर लिहून द्या. मीटर रीडिंगचा व्हिडिओ सोबत जोडलाय. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगाकडं जाणार आहे, तोपर्यंत आईला घेऊन त्या गाडीनं घाटात जाणार नाही.

आपला,
एक ग्राहक, कोल्हापूर