सहा मिनिटांच्या ॲनिमेशनपटासाठी लोकवर्गणीचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

आमचं मंडळ एक छोटा ॲनिमेशनपट करत आहे. रात्रपाळीचा एक म्हातारा पहारेकरी आणि त्याच्या कंदिलाभोवती फिरणारी एक पाकोळी, एवढीच दोन पात्रं. संवाद जवळजवळ नाहीतच. लांबी शेवटच्या नामावलीसह सहा मिनिटं. कथा, स्टोरीबोर्ड आणि ॲनिमॅटिक, म्हणजे कच्ची चित्रं ठरलेल्या वेळात एकामागून एक लावून केलेला आराखडा, हे सगळं सभासदांनी आपल्या वेळात, विनामोबदला पूर्ण केलं आहे. चित्रपटात ७४ शॉट आहेत. पुढचं काम मात्र फावल्या वेळात होणारं नाही, आणि त्यासाठीच आम्ही तुमच्याकडे वर्गणी मागत आहोत.

किती लागणार हे आम्ही अंदाजाने ठरवलेलं नाही. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. आम्ही एक चित्र दोन फ्रेमना वापरतो, म्हणून सेकंदाला १२ चित्रं. नामावलीचे २० सेकंद सोडले तर ३४० सेकंद उरतात. त्यातल्या ८० सेकंदांत पात्रं स्थिर आहेत, फक्त कंदिलाचा उजेड कमी-जास्त होतो. तिथे नवं चित्र लागत नाही. राहिलेल्या २६० सेकंदांची ३,१२० चित्रं होतात. ६० सेकंदांत पहारेकरी आणि पाकोळी दोघंही हलतात. तिथे पाकोळी वेगळ्या थरावर काढावी लागते, म्हणून आणखी ७२०. एकूण ३,८४०. यातली १८० चित्रं आमची चाचणीचा शॉट म्हणून काढून झाली आहेत, तेव्हा बाकी ३,६६०.

चाचणीचा शॉट १५ सेकंदांचा आहे. पहारेकरी कंदील उचलतो, काच पुसतो आणि मान वळवून मागे पाहतो. पेन्सिलीच्या कच्च्या चित्रांवरून स्वच्छ रेषा ओढणं आणि रंग भरणं यात दोघांचे नऊ दिवस गेले. म्हणजे एका माणसाची दिवसाला दहा चित्रं. चार जण पूर्ण वेळ बसले तर बाकीच्या चित्रांना सुमारे ९२ कामाचे दिवस लागतील, म्हणजे जवळपास चार महिने. चार महिने रोज आठ तास बसणाऱ्या माणसाला मोबदला न देता काम करून घेणं आम्हाला मान्य नाही.

हे काम शिकाऊ हातांकडून स्वस्तात का करून घेत नाही, असं काहींनी विचारलं. आम्ही करून पाहिलं. मान वळण्याच्या त्याच हालचालीत पाचव्या चित्रात नाक जरासं आखूड झालं होतं आणि सातव्यात गाल थोडा भरला होता. चित्रं सुटी सुटी पाहिली तर कुणाच्याही लक्षात येणार नाही. ओळीने चालवली की चेहरा फुग्यासारखा फुगतो आणि आकसतो. म्हाताऱ्याचं ते मागे वळून पाहणं हा चित्रपटाचा गाभा आहे, आणि तिथेच प्रेक्षक हसला असता. आम्ही ती १४ चित्रं अनुभवी हाताकडून पुन्हा काढून घेतली.

आता पैशाचा हिशेब. जमलेल्या दर १०० भागांतले ६४ चित्रं काढणाऱ्यांना जातील. १८ संगीत, ध्वनी आणि सगळे थर एकत्र करून अंतिम प्रत तयार करण्यावर खर्च होतील. ८ भाग वर्गणी गोळा करणारा मंच आणि पैसे वळते करणारी यंत्रणा कापून घेतात, ते टळत नाहीत. ६ भाग राखीव आहेत, कारण मोहीम संपल्यावर काहींची कार्डं चालत नाहीत आणि काही शॉट पुन्हा काढावे लागतातच. देणगीदारांना द्यायच्या भेटींवर फक्त ४ भाग ठेवले आहेत.

या शेवटच्या आकड्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण याआधीच्या तीन मिनिटांच्या चित्रपटात आम्ही इथेच चुकलो. तेव्हा टी-शर्ट, चहाचे मग आणि छापील पुस्तिका देऊ केल्या होत्या. ज्या वर्गणीवर टी-शर्ट मिळत होता त्या टप्प्यातून आलेल्या दर १०० भागांतले ३८ शर्ट छापण्यात गेले, २४ वेष्टन आणि टपालात, ८ मंचाच्या कपातीत. चित्रपटाला उरले ३०. मापं चार प्रकारची होती, त्यातली एक संपली आणि पुन्हा छापून घ्यावी लागली. चहाचे मग फुटून पोहोचले. आमची दोन माणसं चार महिने चित्रं काढायची सोडून खोकी बांधत होती. ज्यांनी प्रेमाने पैसे दिले त्यांना वस्तू उशिरा मिळाली आणि चित्रपट त्याहून उशिरा.

म्हणून या वेळी एकच नियम ठेवला आहे: भेट म्हणून फक्त तेच द्यायचं जे चित्रपट करताना तसंही तयार होतं. वर्गणीचं एकक आहे एक चित्र. एका चित्राची रक्कम म्हणजे पूर्ण खर्चाला ३,६६० ने भागून आलेला आकडा. ती अर्जावर दिलेली आहे.

एका चित्राची वर्गणी देणाऱ्याला त्या चित्राचा क्रमांक कळवू, नामावलीत नाव येईल आणि पूर्ण चित्रपट पाहण्याची लिंक मिळेल. एका सेकंदाची, म्हणजे १२ चित्रांची वर्गणी देणाऱ्याला याशिवाय त्या सेकंदाची बारा चित्रं मोठ्या आकारात फाइल म्हणून मिळतील. कच्ची रेषा आणि अंतिम रंग दोन्ही, म्हणजे शेजारी ठेवून पाहता येतील. आमचा शॉट सरासरी साडेचार सेकंदांहून किंचित मोठा आहे, म्हणून एका शॉटचा टप्पा ५५ चित्रांचा धरला आहे. त्यात त्या शॉटमधलं कागदावरचं एक मूळ पेन्सिल चित्र टपालाने येईल. सपाट पाकीट, सगळ्यांना एकाच मापाचं, न फुटणारं. हा टप्पा ६० जणांपुरताच आहे.

सगळ्यात वरचा टप्पा पार्श्वभूमीच्या मूळ रंगचित्रांचा. हाताने रंगवलेली अशी १८ चित्रं आहेत, म्हणून १८ च जागा. ही आणि पेन्सिलीची चित्रं चित्रपट पूर्ण झाल्याशिवाय हातातून सोडणार नाही. शॉट पुन्हा करायची वेळ आली तर मूळ कागद लागतो. तेव्हा वस्तू मिळायला मोहीम संपल्यापासून आठ महिने लागतील, हे आधीच सांगून ठेवतो.

देणगीदाराचा चेहरा चित्रपटात काढायची विनंती दोघांनी केली. ती स्वीकारता येत नाही. गोष्टीत गर्दी नाही. पहारेकरी एकटा आहे, हीच तर गोष्ट आहे.

मोहीम ३० दिवस चालेल. तीस दिवसांत पूर्ण रक्कम जमली नाही तर कुणाच्याही खात्यातून पैसे जाणार नाहीत. जमेल तेवढं घेऊन सुरुवात करण्याचा पर्यायही होता. पण निम्म्या पैशात निम्मा चित्रपट होतो, आणि निम्मा चित्रपट कुणाला दाखवता येत नाही.

लक्ष्य गाठता येण्यासारखं आहे का, हे आम्ही असं तपासलं. २५० जणांनी एकेक चित्र दिलं, १५० जणांनी एकेक सेकंद आणि ३० जणांनी एकेक शॉट, तर ३,७०० चित्रं होतात. म्हणजे ४३० माणसं पुरे. मागच्या वेळी ज्यांना आम्ही स्वतः कळवलं त्यांच्यातल्या १०० पैकी ७ जणांनी वर्गणी दिली होती. तोच हिशेब धरला तर साधारण ६,१०० लोकांपर्यंत निरोप पोहोचायला हवा. आमच्या यादीत ९०० नावं आहेत. त्यातून ६३ देणगीदार येतील. बाकीचे आमच्या ओळखीचे नाहीत, तुमच्या ओळखीचे आहेत. म्हणून पैशाइतकीच ही दुसरी मागणीही आहे: दहा जणांना नाव घेऊन, स्वतःच्या शब्दांत कळवा. सगळ्यांना एकच मजकूर ढकलला तर तो कुणीच आपल्यासाठी आला असं समजत नाही.

कळवताना सोबत पाठवायला दोन मिनिटं दहा सेकंदांचा व्हिडिओ तयार आहे. पहिला खर्डा चार मिनिटं वीस सेकंदांचा झाला होता. तो ११ ओळखीच्यांना दाखवला आणि आम्ही पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत बसलो. सुरुवातीला आम्ही आमची ओळख करून देत होतो, तेवढ्यात ७ जणांनी खिशातून फोन काढले. तो सगळा भाग कापला. आता व्हिडिओ थेट चाचणीच्या शॉटने सुरू होतो, १५ सेकंद, कुणी काही बोलत नाही. मग दिग्दर्शिका २५ सेकंदांत गोष्ट सांगते, शेवट न सांगता. त्यानंतर तोच शॉट चार रूपांत शेजारी शेजारी चालतो: स्टोरीबोर्ड, पेन्सिल, स्वच्छ रेषा, रंग. पैसे नेमके कुठे जातात हे समजावणारं यापेक्षा चांगलं वाक्य आम्हाला सुचलं नाही. शेवटी टप्पे आणि मुदत.

कच्च्या चित्रांवर 'हे अंतिम नाही' असं मुद्दाम लिहिलं आहे. संगीत आमचंच आहे, कुणाचं गाणं उचललेलं नाही. बोलण्याचा आवाज पहिल्यांदा रिकाम्या खोलीत घेतला होता, तो विहिरीतून आल्यासारखा घुमला. दुसऱ्यांदा चारी बाजूंनी गोधड्या टांगून घेतला. आवाज बंद ठेवून पाहणारे बरेच असतात, म्हणून खाली अक्षरंही आहेत.

ज्यांनी वर्गणी द्यायचं ठरवलं आहे त्यांना एक विनंती: शक्य असेल तर पहिल्या तीन दिवसांतच द्या. अनोळखी माणूस मोहिमेपाशी येतो तेव्हा आधी भरलेला आकडा बघतो. शून्याजवळचा आकडा दिसला तर तो 'नंतर बघू' म्हणून जातो आणि परत येत नाही. मधले दोन आठवडे मंद असतात, हे मागच्या अनुभवावरून माहीत आहे. तेव्हा आम्ही दर तीन दिवसांनी एक नवा शॉट दाखवत राहू.

ज्यांना आत्ता पैसे देणं शक्य नाही त्यांनी संकोच करू नये. व्हिडिओ एकदा आवाज बंद ठेवून पाहा आणि कितव्या सेकंदाला कंटाळा आला तेवढं आम्हाला कळवा. मोहीम सुरू व्हायला अजून दोन आठवडे आहेत, तोवर आम्ही तो भाग दुरुस्त करू शकतो.

आपले स्नेहांकित,
मंडळाचे सर्व सभासद