पेपर सोपा नको, वाचता येईल असा हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना परीक्षेत मिळणाऱ्या सवलतींवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. ‘अशा मुलांसाठी सोपा पेपर काढावा’ हे त्यातले वाक्य मात्र खटकले. मी लेस्टरमध्ये एका माध्यमिक शाळेत ‘रिलिजस स्टडीज’ शिकवते. हे धर्माचे संस्कार देण्याचे शिक्षण नव्हे. धर्म काय सांगतात आणि माणसे ते कसे पाळतात याचा हा शालेय अभ्यास आहे. जीसीएसई या सोळाव्या वर्षीच्या बोर्डाच्या परीक्षेला मुले दोन धर्म निवडतात आणि आमच्याकडे त्यातला एक बरेचदा हिंदू धर्म असतो.

गेल्या वर्षी नववीच्या चाचणीत एका मुलाने लिहिले की जग ब्राह्मणाने निर्माण केले. मी फुली मारली. पाच गुणांच्या त्या उत्तरात त्याला एकच गुण मिळाला. पेपर परत देताना सहज विचारले, ‘ब्राह्मण म्हणजे कोण रे?’ तो म्हणाला, ‘चार तोंडांचा तो, मिस. कमळावर बसलेला.’ म्हणजे पोराला ब्रह्मदेव माहीत होता, आणि त्यामागचे ब्रह्म ही कल्पनाही त्याने पुढे दोन वाक्यांत नीट सांगितली. फक्त तिन्ही शब्दांची रोमन स्पेलिंगे त्याला एकसारखी दिसत होती.

देवनागरीत ब्रह्म, ब्रह्मा आणि ब्राह्मण हे शब्द वेगळे ओळखायला आपल्याला फारसे कष्ट पडत नाहीत. रोमनमध्ये तिन्हींची पहिली पाच अक्षरे तीच, बी-आर-ए-एच-एम. फरक काय तो शेवटच्या एक-दोन अक्षरांत. ज्याला अक्षरांचा क्रम धरून ठेवणे जड जाते त्याच्यासाठी हा सापळाच आहे. इस्लामच्या धड्यात सलाह, सौम, शहादा या ‘स-श’च्या रांगेतही हेच होते.

यावर काहीजण सुचवतात की कठीण शब्द काढून टाका, मोक्षाऐवजी ‘सुटका’ लिहा, ब्रह्माऐवजी ‘देव’ लिहा. पण ब्रह्म आणि ब्रह्मदेव यांतला फरक हाच तर त्या धड्याचा विषय आहे! ‘देव’ लिहिले की प्रश्नच संपला. दुसरी पळवाट म्हणजे स्पष्टीकरणाच्या जागी चूक-बरोबर किंवा गाळलेल्या जागा. त्यात मूल पास होते, पण त्याला विचार मांडता येतो का हे कळत नाही.

मी काय केले ते एका प्रश्नावरून सांगते. मूळ प्रश्न असा होता: ‘अनेक देवदेवतांची पूजा करणारे हिंदू आपण एकाच ब्रह्माला मानतो असे म्हणतात तेव्हा त्यामागे कोणती दोन कारणे असू शकतात हे धर्मग्रंथाचा आधार घेऊन स्पष्ट करा.’ एका श्वासात सगळे. हे वाचता वाचता मूल ‘दोन कारणे’पर्यंत पोहोचते तोवर सुरुवात विसरलेले असते. नवा प्रश्न असा: ‘काही हिंदू अनेक देवांची पूजा करतात. तरी ते म्हणतात, ब्रह्म एकच आहे. ते असे का म्हणतात? दोन कारणे समजावून सांगा. धर्मग्रंथाचा आधार द्या.’ वाक्ये पाच झाली, मागणी तीच राहिली. गुणदानाचा तक्ता मी हातात घेतला तेव्हा त्यातली एकही ओळ बदलावी लागली नाही. माझी कसोटी तीच आहे. प्रश्न बदलल्यावर तक्ता बदलावा लागत असेल, तर आपण भाषेला नव्हे, आशयाला हात लावलेला असतो.

कागदाची मांडणीही बदलली. साधा एरियल टाइप, 12 ते 14 आकाराचा, ओळींत दीडपट अंतर, उजवी कड मोकळी, कागद फिकट क्रीम. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनची शिफारस साधारण अशीच आहे. (खास ‘डिस्लेक्सियाचे फॉन्ट’ विकत घेण्यावर माझा विश्वास नाही. अक्षरांतले अंतर वाढवले की बरेचसे काम होते.) पानाच्या वर एक शब्दपेटी असते. तिच्यात ते तिन्ही शब्द एकाखाली एक, सुटे, शेजारी उच्चार फोड करून. अर्थ मात्र दिलेला नसतो, कारण अर्थ दिला की उत्तरच दिले.

एक घोळ माझ्या लक्षात उशिरा आला. या मुलांना प्रश्न वाचून दाखवायला सहायक बसतात. त्या बाई प्रेमळ, पण तिन्ही शब्द ‘ब्रामिन’ असेच उच्चारत! म्हणजे डोळ्यांची अडचण आम्ही कानांवर ढकलली होती. आता मी माझ्या आवाजात शब्द ध्वनिमुद्रित करून सहायकांना आधी ऐकवते. आजीने ‘पत्रं पुष्पं फलं तोयं’ तोंडपाठ करून घेतलेली एक गुजराती मुलगी आहे, तिला अनुवादातला गीतेचा श्लोक वाचता आला नाही, पण ऐकताच तिने भक्तीचा मुद्दा पकडला.

आता मर्यादा. बोर्डाच्या परीक्षेत शब्दपेटी नसते. तिथे तपासणी करून 25 टक्के जादा वेळ मिळू शकतो, म्हणजे पावणेदोन तासांच्या पेपरला 26 मिनिटे. वाचकही मिळतो, कारण या विषयात वाचनकौशल्य तपासायचे नसते. इंग्रजी भाषेच्या वाचन विभागात तोच माणूस वाचून दाखवू शकत नाही. वाचकाने शब्दाचा अर्थ सांगायचा नाही, प्रश्नाची मोडतोड करायची नाही. शिवाय ही मदत मुलाच्या रोजच्या वर्गातल्या कामात वापरात असली पाहिजे, ऐन परीक्षेत उगवलेली चालत नाही. म्हणून शब्दपेटी मी नववीत देते, दहावीत उच्चारापुरती ठेवते आणि अकरावीत, म्हणजे जीसीएसईच्या वर्षी, काढून घेते. ती काढायची आहे हे पहिल्याच दिवशी ठरवलेले बरे.

बारा गुणांच्या प्रश्नात एक विधान असते, उदाहरणार्थ ‘ईश्वरापर्यंत जाण्याचा भक्ती हाच उत्तम मार्ग आहे’, आणि मुलाने दोन्ही बाजू मांडून निष्कर्ष द्यायचा. इथे मी तीन रिकामे चौकोन देते: बाजूने, विरोधात, माझे मत. ‘भक्ती श्रेष्ठ आहे कारण...’ अशी अर्धी वाक्ये देत नाही, कारण त्यात युक्तिवाद आयता मिळतो. लेखनिक घेतला तर उत्तराचे गुण पूर्ण मिळतात. शुद्धलेखनाचे वेगळे 3 गुण मात्र मुलाने शब्दन् शब्द अक्षरे सांगून लिहवून घेतले नाहीत तर हातचे जातात. हे पालकांना आधी सांगावे, नंतर भांडणे नकोत.

बदललेला पेपर मी एकदा चांगले वाचणाऱ्या मुलांनाही दिला. त्यांचे गुण जवळपास होते तिथेच राहिले, पण वाचनात अडणाऱ्यांचे वाढले. उलट झाले असते, सगळ्यांचेच भरभर वाढले असते, तर पेपर सोपा झाला असे मी मानले असते.

‘जग कोणी निर्माण केले असे मानतात?’ हा एक गुणाचा प्रश्न, पर्याय ब्रह्म, ब्रह्मदेव, ब्राह्मण आणि आत्मा. सहकारी म्हणतात, तो क्रूर आहे, काढून टाका. काढलेला नाही. पर्याय लांब लांब छापते, वाचून दाखवायला लावते. त्या मुलाने यंदा तो बरोबर सोडवला, पण आत्म्याच्या स्पेलिंगात अजून एक अक्षर कमीच लिहितो.

आपली,
एक वाचक, लेस्टर (इंग्लंड)