बाबा, नकाराचं पत्र मी तीनदा वाचलं

लेस्टर, 8 जून

ती. बाबा आणि आई,
सा. न.

तुमच्या दोघांच्या ब्रिटनच्या व्हिसाला आलेल्या नकारपत्रांचे दादाने पाठवलेले दोन्ही फोटो मिळाले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही तुमच्यासारखीच चिडले. मग रात्री छोटा झोपल्यावर पेन्सिल घेऊन पुन्हा बसले, आणि आता चित्र बरंच स्पष्ट झालंय. मी सांगेपर्यंत एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

आधी पत्राची रचना सांगते. सुरुवातीच्या परिच्छेदात छापील मजकूर आहे, तो सगळ्यांच्या पत्रात असतो. शेवटचा परिच्छेदही छापीलच: पुढचा अर्ज स्वतंत्रपणे तपासू, पण परिस्थिती बदलली नसेल तर बहुधा पुन्हा नकार येईल, असं तिथे लिहिलंय. ते वाचून आई रडली असं दादा म्हणाला. आई, ते तुझ्यासाठी म्हणून कुणी लिहिलेलं नाही गं. खरा मजकूर मधल्या दोन परिच्छेदांत आहे. तिथे अधिकाऱ्याने तुमच्याच कागदांतले आकडे काढून समोर ठेवलेत.

तो म्हणतो: तुम्ही शेतीचं उत्पन्न महिना 25,000 सांगितलंत. खात्यावर मात्र एप्रिलमध्ये 2,10,400 आणि 1,72,900 अशा दोन रकमा रोख भरल्या आहेत. त्या सांगितलेल्या उत्पन्नाशी जुळत नाहीत आणि कुठून आल्या याचा कागद नाही. म्हणून तुमच्या परिस्थितीचं खरं चित्र मिळत नाही, तुम्ही खरोखर भेटीलाच येताय आणि मुदत संपल्यावर परत जाल याची खात्री पटत नाही. त्याखाली नियम दिलेत, V 4.2(a) आणि V 4.2(c). पहिला परत जाण्याबद्दलचा, दुसरा भेटीच्या खऱ्या हेतूबद्दलचा.

आता जे लिहिलेलं नाही ते बघा. पुरेसे पैसे नसल्याचा नियम V 4.2(e) आहे आणि तो पत्रात कुठेही नाही. म्हणजे पैसे कमी आहेत असं त्याचं म्हणणंच नाही. पैसे आले कुठून, एवढाच त्याचा प्रश्न आहे. म्हणून अण्णाकाकांकडून पाच लाख उसने घेऊन खात्यात ठेवायचा तुमचा बेत तेवढा सोडून द्या. आणखी एक न कळणारी मोठी रक्कम म्हणजे त्याच्या शंकेला आपणच घातलेलं खतपाणी!

मी दादाकडून अर्जाची प्रत मागवली तेव्हा गोंधळ कुठे झाला ते कळलं. एजंटाने तुम्हाला विचारलं, खर्च जाऊन वर्षाला हाती किती राहतात? तुम्ही म्हणालात, तीनेक लाख. त्याने बारानं भागून 25,000 लिहिले. नोकरदाराचा पगार असा मांडता येतो, कांद्याचा कसा मांडणार? आपल्याकडे उन्हाळ कांदा निघाला की पैसा एकदम येतो, आणि त्यातूनच पुढे बियाणं, मजुरी, औषधं जातात. अर्जात निव्वळ आणि महिन्याचा आकडा, पासबुकात एकूण विक्रीचा आणि एकरकमी आकडा. दोन्ही खरे, पण त्या अधिकाऱ्याला त्यांचा मेळ लागणार कसा? त्यात आडत्याने पैसे रोख दिले आणि तुम्ही ते बँकेत भरले, त्यामुळे व्यापाऱ्याचं नावही खात्यावर दिसत नाही.

याला उत्तर तुमच्याच कपाटात आहे, लासलगाव बाजारातल्या कांदाविक्रीच्या दोन पट्ट्या. पहिलीवर 142 क्विंटल, भाव 1,500, म्हणजे 2,13,000. हमाली-तोलाई-वाराई कापून बरोबर 2,10,400. दादाने फोनवर वाचून दाखवलं तेव्हा मी इकडे टाळीच वाजवली. दुसऱ्या पट्टीचा आकडाही भरण्याशी तंतोतंत जुळतो. आणि या पट्ट्या अर्जाला जोडल्याच नव्हत्या!

आता अपिलाचं. अपिलात व्हिसा मिळतो असं अण्णाकाका म्हणतात, ते खोटं नाही. 2011 मध्ये त्यांच्या सासूबाई अपिलातच जिंकल्या होत्या. पण कुटुंबाला भेटायला येणाऱ्यांचा तो अपिलाचा हक्क 25 जून 2013 पासून कायद्यानेच काढून घेतला. तुमच्या पत्रातही लिहिलंय की अपील नाही आणि व्हिसा खात्यांतर्गत फेरतपासणीही नाही. मग एजंट 40,000 घेऊन कसलं अपील करणार आहे, हे त्यालाच विचारा.

एक वाट उरते ती कोर्टाची, न्यायिक पुनरावलोकन. नकारापासून जास्तीत जास्त तीन महिन्यांत दाखल करावं लागतं, आणि त्याआधी खात्याला नोटीसवजा पत्र द्यावं लागतं. कोर्ट तुम्हाला व्हिसा द्यावा की नाही हे ठरवत नाही. निर्णय कायदेशीर रीतीने घेतला का, एवढंच बघतं. जिंकलात तरी बहुधा अर्ज पुन्हा तपासायला खात्याकडेच जातो. पट्ट्या जोडलेल्या असूनही त्याने ‘कागद नाही’ लिहिलं असतं, तर मी इथला वकील गाठला असता. पण त्याच्यासमोर नसलेल्या कागदावरून त्याला चूक कसं ठरवणार? तेव्हा नवा अर्जच करायचा. त्यासाठी ठरावीक दिवस थांबावं लागत नाही. फी मात्र पुन्हा भरायची आणि बोटांचे ठसे द्यायला पुन्हा मुंबई.

पत्र हातात घेतल्याबरोबर मी आधी एकच गोष्ट शोधली होती: फसवणुकीचा नियम कुठे आहे का. तो खोटी माहिती किंवा बनावट कागदांसाठी असतो. फसवणूक ठरली तर पुढची दहा वर्षं अर्ज नाकारले जाऊ शकतात. तसं काही असतं तर वकिलाशिवाय आपण पाऊल उचललं नसतं. दोन्ही पत्रांत ते नाही. आईच्या पत्रात वेगळं कारणही नाही, तुमच्या खर्चावर येणार म्हणून तुमच्याच नकाराकडे बोट दाखवलंय.

यापुढेही तो नियम लागू नये म्हणून दोन गोष्टी सांभाळायच्या. नव्या अर्जात ‘पूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का’ असं विचारतील. एजंट ‘नाही’ लिहू या म्हणाला तर फॉर्म त्याच्या हातून काढून घ्या. त्यांच्याकडे सगळी नोंद असते, आणि लपवणं हीच फसवणूक ठरते. दुसरं, 25,000 चा आकडा गुपचूप बदलायचा नाही. सोबतच्या पत्रात सरळ लिहू: आधीचा आकडा वर्षाच्या निव्वळ उत्पन्नाला बारानं भागून काढला होता, विक्री हंगामात एकदम होते, या पट्ट्या आणि हे त्याच तारखांचे भरणे. पत्राचा मसुदा मी करते, तुम्ही वाचून सही करा.

दादाला सांगा, दोन्ही पट्ट्या, निफाडच्या जमिनीचा सातबारा आणि आठ-अ, सहा महिन्यांचं ताजं बँक स्टेटमेंट, सगळं नीट स्कॅन करून पाठव. मोबाइलचे वाकडे फोटो नकोत. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर अनुवादकाकडून सही-तारखेसह करून घ्या, त्यावर त्याचा पत्ता-फोनही हवा. आणि बाबा, गेल्या वर्षीच्या पट्ट्या असतील तर त्याही शोधा. दरवर्षी याच दिवसांत असाच पैसा येतो हे दिसलं, तर परत जाण्याचा मुद्दाही जागेवर येतो. चाळीत कांदा ठेवून कोण परदेशात राहील?

छोट्याचा वाढदिवस ऑगस्टच्या शेवटी आहे. जूनअखेर अर्ज गेला तर वेळ पुरावी, पण तिकिटं निकाल आल्याशिवाय काढायची नाहीत. मागच्या पट्ट्या देवघराच्या खालच्या फळीवर, बिलांच्या पिशवीत असायच्या. आधी तिथे बघा.

तुमची,
ठकी