जुलैत या, पण किल्ल्यासाठी नको

मालवण, २६ जून

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबांचा फोन झाल्यापासून पत्र लिहायचं मनात होतं. फोनवर तुम्ही विचारत होता आणि इथे पत्र्यावर पाऊस असा वाजत होता, की मला निम्मं ऐकूच आलं नाही. म्हणून आता नीट लिहिते.

बाबा, आधी सिंधुदुर्ग किल्ल्याचं. तो जुलैत होणार नाही. किल्ला बेटावर आहे, होडीशिवाय जाता येत नाही आणि २६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी होड्यांना बंदीच असते. काल संध्याकाळी मुद्दाम जेटीवर जाऊन आले. सगळ्या होड्या वर ओढून ताडपत्र्यांनी आणि झावळ्यांनी झाकून ठेवल्यात. जेटी आणि किल्ला यांच्यामध्ये खडक आहेत. एरवी होडीवाले त्यांच्यामधली वाट डोळे मिटून काढतात, पण आता नैऋत्येचा वारा थेट अंगावर येतो आणि लाट त्याच खडकांवर फुटते. आमच्या शेजारचे आजोबा चाळीस वर्षं तांडेल होते. ते म्हणाले, "नारळ दिल्याशिवाय होडी सुटाची नाय." म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत विषय संपला. एक सप्टेंबरला कागदावर बंदी उठली तरी समुद्र निवळलेला असेल असं नाही. तुम्हाला शिवराजेश्वराचं दर्शन घ्यायचंय ना? मग त्यासाठी नवरात्रानंतर वेगळे या, मी सुट्टी काढीन. तोवर राजकोटावरून किल्ला समोर दिसतो, पावसाने उघडीप दिली की तटबंदीसुद्धा स्पष्ट दिसते.

तारकर्लीचं स्कूबा, पॅरासेलिंग, कर्ली नदीतली होडीची फेरी, हे सगळंही याच काळात बंद असतं. दादाला हे नक्की सांगा, कारण मुलांना त्याने स्कूबाचं कबूल केलंय असं वहिनी म्हणाली. दोन वर्षांपूर्वी माझ्या मैत्रिणींनी जूनसाठी असेच आगाऊ पैसे भरले होते. पैसे घेणाऱ्याने बंदीचा शब्दही काढला नाही आणि परतही काही दिलं नाही. पावसाळ्यात कुणी "होईल, या तुम्ही" म्हणालं तर समजायचं, की तो एकतर खोटं बोलतोय नाहीतर चोरून होडी काढणार आहे. आणि दुसरं जास्त वाईट.

आई, तुझ्या सुरमईचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. खानावळी मात्र चालू असतात आणि पाटीवर सुरमई थाळीही असते. ती सुरमई बर्फातली असते किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेली, कारण तिकडची बंदी १४ जूनला संपते. तळली की फरक चटकन कळत नाही, पण कालवणात कळतो. तुकडी पिंजते आणि तोंडात कापूस आल्यासारखं लागतं. म्हणून या दिवसांत मी सुरमई मागवतच नाही. बाजारात बसणाऱ्या मावशींच्या टोपलीत खाडीतलं काय आलंय ते बघते: तिसऱ्या, कुर्ल्या, शेंगटी, कधी काळुंदर. परवा तिसऱ्या आणल्या होत्या. ज्या मिटलेल्या होत्या किंवा बोटाने टोचल्यावर मिटल्या, त्याच घेतल्या. उघड्या राहिलेल्या मावशींनी स्वतःच बाजूला काढल्या. तिसऱ्यांचं सुकं, टाकळ्याची भाजी आणि भाकरी असं तुला करून घालीन. श्रावण लागला की तू मासळीला हात लावणार नाहीस, म्हणून त्याच्या आधीच या.

राहण्याचं मी ठरवते, तुम्ही फोनवरून काही बुक करू नका. दादाने देवबागची समुद्राला लागून असलेली खोली पाहिली आहे. फोटो खरेच आहेत, पण हिवाळ्यातले. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली, मधे जमिनीची अरुंद पट्टी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला लाटा तिथे माडांच्या बुंध्यापर्यंत येतात, किनारा धुपतो, वाऱ्याने वीज जाते. बरीच घरगुती निवासस्थानं तर पावसाळ्यात कुलूपच लावतात. गावात, बाजाराच्या जवळ, तळमजल्यावरची आणि इन्व्हर्टर असलेली खोली मी बघून ठेवली आहे. आईला जिना चढायला नको.

कोल्हापूरहून येण्याची वाट. बाबा, तुम्हाला गगनबावड्याचा रस्ता आवडतो हे माहीत आहे, पण या वेळी नको. कुंभी नदी चढली की किरवे आणि मांडुकलीजवळ त्या रस्त्यावर पाणी येतं आणि पुढे करूळ घाटात दरड पडायची भीती असते. राधानगरीवरून फोंडाघाट उतरा, कणकवलीला बाहेर पडाल. निघण्याच्या आदल्या रात्री पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. इशारा ३९ फुटांना असतो, पण तुम्ही ३५ च्या पुढे गेली आणि चढतीच असली तर निघू नका. दोन दिवसांनी आलात तरी मी इथेच आहे. पहाटे सहाला निघा, म्हणजे घाट उजेडात उतरेल. धुक्यात मात्र घाई करू नका.

दादा मुंबईहून रेल्वेने कुडाळला येईल. त्याला सांगा, की जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं. गाड्या हळू चालतात, वेळा बदलतात आणि वंदे भारत सहाऐवजी तीनच दिवस धावते. त्याच्या डोक्यात मे महिन्यातल्या वेळा असणार.

आता चालू काय असतं ते. माझ्या मते एकच मोठी फेरी करावी, ती विजयदुर्गची. बाबांची किल्ल्याची हौस तिथे भागेल, कारण तो जमिनीला जोडलेला आहे, होडी लागत नाही. मागच्या जुलैत मी गेले होते तेव्हा तिथे जेमतेम दहा माणसं होती. तटावरून खाली लाट फुटते तिचा धक्का पायाला जाणवतो. पण जांभा दगड शेवाळाने बुळबुळीत झालेला असतो, आणि सपाट दिसणारी पायरीच जास्त घसरते. आईने दरवाजाच्या आतपर्यंत यावं, पुढे तटावर चढू नये. परतताना कुणकेश्वर वाटेत आहे, देऊळ उघडं असतं. दुसऱ्या दिवशी धामापूरचा तलाव. भगवतीचं देऊळ अगदी पाण्याला लागून आहे, गाडी जवळपर्यंत जाते आणि आईला फार चालावं लागत नाही. आंबोली शनिवार-रविवार सोडून कधीही, तीही जमली तर.

समुद्रात मात्र कुणीही उतरायचं नाही, घोट्याएवढ्या पाण्यातही नाही. लाट मागे जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. मुलांना हे तुम्ही सांगा बाबा, तुमचं ऐकतात.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवार ते शुक्रवार असं धरते आहे. त्या दिवसांत अमावास्या-पौर्णिमा येत नाही ना, ते आईने कालनिर्णयात बघून मला कळवावं, म्हणजे मी खोलीवाल्याला पक्कं सांगते. येताना आईच्या गुडघ्याचा पट्टा, रबरी तळव्याची चप्पल आणि दोन जास्तीचे टॉवेल आणा. इथे काहीही वाळत नाही.

तुमची,
सुमी