फोटोतल्या लारीबद्दल

प्रिय बाळा,

फोटो बघितला, कमाटी बागेबाहेरची लारी, कलिंगड-पपईच्या प्लेटा आणि वर बर्फाचा चुरा घातलेलं लिंबूपाणी, खाली तुझं "आई, घेऊ का?" तर नको, दोन्ही नको. नुसतं नको म्हटलं की तू ऐकत नाहीस, म्हणून कारण पण लिहितेय.

फोटो जरा मोठा करून डावीकडची प्लेट बघ. फोडींच्या कडा सुकून आत वळल्यात आणि खाली लाल पाणी साचलंय, आत्ता कापलेल्या फोडींखाली एवढं पाणी नसतं गं. वरून चमकतायत त्याला भुलू नकोस, पाणी शिंपडलं की शिळ्या फोडी पण चमकतात. कलिंगड आणि पपई आंबट नसतात त्यामुळे एकदा कापली की त्यात जंतू भराभर वाढतात, आणि सालीवरची घाण तर सुरीबरोबर आत जातेच. 32 डिग्रीच्या वर गरमी असेल तर कापलेलं फळ तासाभराच्या वर बाहेर राहिलं की खायचं नाही, आणि बडोद्यात मे महिन्यात काय असतं ते तुला मी सांगायला नको.

आता बर्फ. मागे ओल्या पोत्यावर लादी दिसतेय, तो माणूस टोच्याने तीच फोडतोय, आणि तिचंच वितळलेलं पाणी खालच्या फोडींवर गळतंय. खायचा नसलेला बर्फ निळा करायचा असा नियम 2018 मध्ये आला, म्हणून निळसर दिसला तर विषयच संपला. पण हा पांढरा आहे म्हणून चांगल्या पाण्याचा आहे असं अजिबात नाही. गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत, टायफॉइड-काविळीचे तर बर्फात टिकून राहतात, आणि लिंबू पिळलं म्हणून ग्लासातलं पाणी शुद्ध होत नाही.

पाणी कुठलं, हात कधी धुतले, ग्लास कुठल्या बादलीत विसळले, हे कुठल्याच फोटोत दिसत नाही. म्हणून फोटो बघून मी नको म्हणू शकते, पण लारी कितीही चकाचक दिसली तरी खा असं फोटोवरून कधीच सांगणार नाही.

खावंसं वाटलंच तर केळी घे, किंवा अख्खं कलिंगड घरी नेऊन साल नळाखाली चोळून धू आणि स्वतःच्या सुरीने काप. प्यायला सीलबंद बाटली, तुझ्यासमोर उघडलेली, बर्फ न घालता.

आणि हे वाचायच्या आधीच खाऊन झालं असेल तर लपवू नकोस. जुलाब लागले तर ओआरएस सुरू कर, रक्त पडलं किंवा ताप आला तर लगेच डॉक्टरकडे जा. टायफॉइडचा ताप एक ते तीन आठवड्यांनी पण येतो, तेव्हा लारीवरचं खाल्लं होतं हे डॉक्टरांना आपणहून सांग, ते रक्ताची तपासणी करून बघतील. रात्री फोन कर, मी जागीच असते.

तुझी आई, इंदूर