तक्रार पत्र : पहिली पेन्शन मिळण्याआधी निधन झालेल्या कर्मचाऱ्याचा दावा अडवून ठेवल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मनुष्यबळ विभाग

महोदय,

माझे पती आपल्या कारखान्यातून वयाची 58 वर्षे पूर्ण करून 31 मे 2024 रोजी निवृत्त झाले. कर्मचारी पेन्शन योजना, 1995 खालील फॉर्म 10-डी त्यांनी 12 जून रोजी आपल्याकडे दिला. त्या प्रतीवर आपला आवक शिक्का असून, खाली त्यांची थरथरत्या हाताने केलेली सही आहे. हा अर्ज भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे रवाना होण्यापूर्वीच, 9 ऑगस्ट रोजी, त्यांचे निधन झाले.

मृत्यूचा दाखला, माझे आधार कार्ड व माझ्या एकटीच्या नावे असलेल्या बँक खात्याचे पासबुक जोडून मी 2 सप्टेंबर रोजी पत्नी या नात्याने नवा 10-डी भरून दिला. त्यावर "साहेबांना पहिला हप्ता मिळालाच नव्हता, तेव्हा ते पेन्शनर झालेच नाहीत, वारस दाखला आणा," असे मला तोंडी सांगण्यात आले. हे मला मान्य नाही. पेन्शनचा हक्क 58 वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. पैसे खात्यात केव्हा पडले यावर तो अवलंबून नसतो, आणि उशीर तर आपल्याच टेबलावर झालेला आहे.

म्हणून माझी मागणी दोन वेगळ्या रकमांची आहे. पहिली, 1 जूनपासून 9 ऑगस्टपर्यंतची त्यांच्या पेन्शनची थकबाकी. दुसरी, 10 ऑगस्टपासूनची माझी विधवा पेन्शन, जी त्यांच्या पेन्शनच्या निम्मी, पण किमान दरमहा 1,000 रुपये असते. समजा त्यांची पेन्शन 3,600 रुपये ठरली, तर माझी 1,800 रुपये होईल आणि जून व जुलै या दोन महिन्यांचेच 7,200 रुपये थकबाकी म्हणून निघतील. आपल्या लिपिकाने केवळ विधवा पेन्शनचा शेरा मारून प्रकरण पाठवले, तर ही थकबाकी कागदावर येणारच नाही, अशी मला खरी भीती वाटते. सेवेत असताना मृत्यू झाल्यास मिळणारी विम्याची रक्कम मी मागत नाही, कारण ती येथे लागू नाही.

दोन्ही अर्ज, त्यांच्या सेवेच्या व पगाराच्या नोंदींसह, साक्षांकित करून सात दिवसांत निधी कार्यालयाकडे पाठवावेत आणि पोचपावतीची प्रत मला द्यावी. सर्व बाबतींत पूर्ण असलेला दावा मिळाल्यापासून 20 दिवसांत निकाली काढण्याचे बंधन त्या कार्यालयावर आहे, पण ते दिवस मोजायला सुरुवात अर्ज तेथे पोचल्यावरच होते. वारस दाखला आवश्यकच असेल, तर तो कोणत्या तरतुदीखाली मागत आहात हे लेखी कळवावे. सेवापुस्तकातील कुटुंबाच्या नोंदीत पत्नी म्हणून माझे नाव पहिल्या दिवसापासून आहे.

सोबत दोन्ही अर्जांच्या आवक शिक्क्यांसह प्रती जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
(दिवंगत कर्मचाऱ्याची पत्नी)